मदत हवी आहे: साडेतीन वर्षं चाललेली सोमवारची मीटिंग बंद होतेय, टीमला सांगायचं कसं?

कोपऱ्यातलं_टेबल: चाकणला एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. दर सोमवारी 10 ला तासभर मीटिंग, 11 जण. प्रत्येकजण आपलं एक्सेल वाचून दाखवतो, बाकीचे चहा ढवळत बसतात. आता साहेबांनी होकार दिलाय: सोमवारी 11 पर्यंत शीटमध्ये प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या आणि गुरुवारी 20 मिनिटं फक्त अडलेल्या कामांसाठी भेटायचं. पण मेल ‘सर्वांच्या वेळेचा विचार करून’च्या पुढे सरकत नाही. शिवाय मीटिंग चालवणारे सीनिअर दुखावतील.

सुटसुटीत: शुक्रवारी संध्याकाळी दोन ओळी टाका, कॅलेंडरमधून अख्खी सिरीज उडवा. लोक नाचतील.

वाडेकर_काका: आमच्या सोसायटीची मासिक सभा बंद केली तर लोक जिन्यात गाठून भांडायला लागले. जपून हो!

मधली_सुट्टी: सुटसुटीत, दोन ओळी ठीक, पण शुक्रवारी संध्याकाळी नको. प्रश्न विचारायला कोणी जागेवर नसतं. आणि आउटलुकमध्ये अख्खी सिरीज कॅन्सल केली तर मागच्या नोंदीही जातात. सिरीजची शेवटची तारीख बदलून अपडेट पाठवा.
कोपऱ्यातलं_टेबल, मेलच्या आधी सीनिअरना एकटं भेटा. त्यांना हे मेलमधून कळता कामा नये. गुरुवारची 20 मिनिटं त्यांनीच चालवावीत, असं विचारून बघा. आणि मीटिंगचं निमंत्रण कोणाच्या नावाने आहे?

कोपऱ्यातलं_टेबल: दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या.

मधली_सुट्टी: वाटलंच. मग ते तुम्हाला रद्द करता येणार नाही. त्याचा मेलबॉक्स शिल्लक असेल तर आयटीवाले करतील, नाहीतर प्रत्येकाने आपापल्या कॅलेंडरमधून काढायचं. हे मेलमध्ये लिहाच. नाहीतर 9:45 ला रिमाइंडर वाजेल आणि चार जण खोलीत बसलेले सापडतील. मेल साधारण असा:

‘सोमवारची 10 ची मीटिंग या 24 तारखेला शेवटची. त्यानंतर सोमवारी 11 पर्यंत शीटमध्ये तीन ओळी: काय झालं, काय अडलं, कोणाकडे अडलं. अडलेलं गुरुवारी 4 ला बोलू. ज्यांचं नाव तिसऱ्या ओळीत असेल त्यांनीच यायचं. तातडीचं असेल तर गुरुवारची वाट न पाहता फोन करा. सहा आठवड्यांनी जमतंय का ते पाहू.’

कारणं एका वाक्याच्या वर देऊ नका. लांबलं की मीटिंग निरुपयोगी होती असं वाचलं जातं, आणि ती चालवणारा माणूस समोरच बसलेला असतो.

कोपऱ्यातलं_टेबल: सीनिअरना आज जेवणाच्या सुट्टीत भेटलो. ‘मलाही कंटाळाच आला होता’ म्हणाले! एकच राहिलं. आमचा स्टोअर्सचा माणूस शीट उघडत नाही. त्याला पर्चेसवाले फक्त सोमवारी हाताला लागायचे. त्याचं काय?

सुटसुटीत: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

मधली_सुट्टी: ग्रुपवर ‘बघतो’ लिहून पर्चेसवाले मोकळे होतील. पहिले दोन-तीन सोमवार तुम्हीच फोन करून त्याच्या ओळी शीटमध्ये भरा. पुढे तो स्वतः भरेल का, सांगता येत नाही.