खिडकीच्या फ्रेमच्या कडेने पाऊस आत येतोय, नेमकं काय भरू? (जुळे सोलापूर)

पूर्वेची_खिडकी: दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलची सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, साधारण ४ बाय ५ फूट. जून-जुलैच्या भुरभुर पावसात काही होत नाही, पण सप्टेंबरात पूर्वेकडून वाऱ्यासकट सर आली की डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर ओघळ येतो. तीन वर्षं पांढरं सिमेंट भरतेय. उन्हाळा गेला की परत केसाएवढी फट दिसतेच. कृपया नीट सांगा, आईचा पलंग त्याच भिंतीला आहे.

नवीपेठ७७: सोपं आहे ताई. हार्डवेअरमधून सिलिकॉनची ट्यूब आणि गन आणा, फ्रेमच्या चारी बाजूंनी मारा. खालच्या ट्रॅकला बाहेरून बारीक भोकं असतात, तीही बुजवा. पाणी तिथूनच येतं.

गच्चीवाले_काका: आमच्याही स्लॅबमधून गळतं. गच्चीवर दोनदा वॉटरप्रूफिंग केलं, तरी पंख्याच्या हुकाजवळ ओल. कोणता कोट चांगला?

पूर्वेची_खिडकी: काका, माझ्या डोक्यावर अजून एक मजला आहे, गच्ची नाही. खिडकीचंच बोलतेय.

फ्रेमफिटर: ताई, ती भोकं अजिबात बुजवू नका! ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते बाहेर जायला ठेवलेली वाट आहे ती. बुजवली की ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं. आपल्याकडच्या धुळीने ती आपोआपही बुजतात. आधी तार घालून मोकळी करा.

सिमेंट का टिकत नाही तेही सांगतो. आपल्या उन्हाळ्यात फ्रेम तापून फुगते, रात्री आखडते. ४० अंशांच्या फरकाला ५ फुटी अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दीड मिलिमीटर हलतं. भिंत तेवढी हलत नाही. सिमेंटला ताण सोसत नाही, ते सुटतं. तिथे रबरासारखं ताणणारंच काही हवं.

सिलिकॉन बरोबर आहे, पण वाटेल ते नको. भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते काचेसाठी ठीक. गिलाव्यातल्या चुन्याशी त्यातलं आम्ल झगडतं आणि पट्टी नखाने निघून येते. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घ्या.

पण आधी पाणी कुठून येतं ते पक्कं करा. कोरड्या दिवशी बाहेरून पाइपने हळू पाणी मारा, खालून वर. आधी फक्त ट्रॅक, मग डावी कड, मग उजवी, शेवटी वरची. प्रत्येक जागी ८-१० मिनिटं, आत कुणीतरी टॉर्च धरून. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी पसरतं, काहीच कळत नाही.

नवीपेठ७७: भोकांचं मला माहीत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात मी बुजवलीत, आज उघडतो.

पूर्वेची_खिडकी: रविवारी केलं. भाऊ बाहेर शिडीवर, मी आत. ट्रॅकवर पाणी मारलं तर तो भरून आत सांडला. भोकांत मातीचा गोळा झाला होता. साफ केल्यावर ते थांबलं. मग डाव्या कडेला पाइप धरला, चौथ्या मिनिटाला कोपऱ्यात थेंब फुगला आणि पुट्टीवरून खाली सरकला. उजवी नि वरची कड कोरडी.

फ्रेमफिटर: म्हणजे दोन दुखणी होती. आता बाहेरून डाव्या कडेचं जुनं सिमेंट पटाशीने पूर्ण काढा, ब्रशने धूळ झाडा, दोन दिवस कडक ऊन खाऊ द्या. ओल्या किंवा धुळीच्या जागी काहीच धरत नाही. फट खोल असेल तर आत फोमची गोल दोरी दाबा, म्हणजे सिलिकॉन फक्त दोन्ही काठांना चिकटतं आणि मध्ये ताणायला मोकळं राहतं. रुंदी १० मिलिमीटर असेल तर जाडी ५ पुरे. दोन्हीकडे मास्किंग टेप लावा, भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबत एकदाच ओढा, टेप लगेच काढा. ३०० मिलीच्या ट्यूबमध्ये या मापाने ६ मीटर होतं, तुमच्या एका कडेला भरपूर झालं. दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच वाळतं, म्हणून पुढचे दोन दिवस पाऊस नाही असं बघून करा.

पूर्वेची_खिडकी: खिडकीच्या त्याच कोपऱ्यापासून भिंतीत तिरकी भेगही गेली आहे, हातभर. तीही त्यानेच भरू?

फ्रेमफिटर: नको, सिलिकॉनवर रंग बसत नाही. भिंतीला पीयू सीलंट घ्या, त्यावर रंग चालतो.

होटगीरोड_सिव्हिल: थोडं थांबा. भेगेच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, त्याने पाया हलत असेल तर रेघेच्या पुढे भेग जाईल. मग सीलंट भरून उपयोग नाही.

फ्रेमफिटर: दुसऱ्या मजल्यावर? मला तर कोपऱ्यातला गिलावा सुटलेला वाटतो. ठोकून बघा, पोकळ वाजतंय का.

पूर्वेची_खिडकी: ठोकलं. अर्धी भेग पोकळ वाजते, वरची अर्धी भरीव. रेघ मारून ठेवली आहे. फ्रेमची कड या शनिवारी भरतोय, भेगेचं दिवाळीनंतर इथेच लिहीन.