फाइन-ट्यूनिंगमधून मॉडेल ज्ञान शिकतं की फक्त बोलायची ढब?

डाळिंबवाला
आमच्याकडे डाळिंबाच्या बागांविषयी शेतकऱ्यांचे ३,००० प्रश्न आहेत आणि कृषी पदवीधरांनी लिहिलेली त्यांची उत्तरंही. ८ अब्ज पॅरामीटरचं एक तयार, खुलं मॉडेल आम्ही LoRA वापरून, म्हणजे मूळ मॉडेलला छोटा भाग जोडून, त्यावर फाइन-ट्यून केलं; पाच इपॉक चालवले, म्हणजे सगळी उदाहरणं पाच वेळा फिरवली. आता ते मराठी छान बोलतं, पण तेल्या रोगाला कधी जिवाणूजन्य म्हणतं तर कधी बुरशीजन्य. आम्ही कधी न शिकवलेल्या औषधाचं प्रमाणही छातीठोकपणे सांगतं. माझं मत असं की उदाहरणं कमी पडली, १०,००० केली की ज्ञान आत बसेल. प्री-ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या अफाट वाचनात, मॉडेल नुसता पुढचा शब्द ओळखायला शिकतं, विषय तर फाइन-ट्यूनिंगमध्येच शिकवायचा असतो ना?

टोकनमोजणी
माझा अनुभव नेमका उलटा आहे. मॉडेलला जे काही माहीत असतं, त्यातलं बहुतेक त्या ‘नुसत्या’ पुढच्या शब्दातूनच आलेलं असतं.

समजा प्री-ट्रेनिंगमध्ये वाक्य आलं : ‘डाळिंबावरचा तेल्या हा रोग कशामुळे होतो, तर जिवाणूमुळे’. ‘जिवाणू’ या शब्दाला मॉडेलने आधी १ टक्का शक्यता दिली असेल, तर त्या जागेची चूक ४.६ धरली जाते. ५० टक्के दिली असेल तर ०.६९. ही चूक कमी करण्यासाठी मॉडेलच्या आतले आकडे, म्हणजे पॅरामीटर, तसूभर हलतात. एकदा वाचून काहीच पक्कं होत नाही. तीच गोष्ट वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वाक्यरचनेत लिहिलेली पुन्हा पुन्हा समोर आली, की मग ती रुजते. GPT-3 ने २०२० मध्ये ३०० अब्ज टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, वाचले होते. २०२४ च्या Llama 3 ने १५ लाख कोटींहून जास्त, पण त्यात इंग्रजी सोडून बाकी सगळ्या भाषा मिळून जेमतेम ५ टक्क्यांच्या वर. मराठीतल्या डाळिंबाच्या वाट्याला काय आलं असेल, याचा अंदाज करा.

फाइन-ट्यूनिंगमध्ये गणित तेच असतं, पुढचा टोकनच. फक्त चूक साधारणपणे उत्तराच्या भागावर मोजतात. आता तुमच्या ३,००० उत्तरांतली कित्येक तथ्यं मॉडेलला आधी माहीतच नव्हती. तिथे त्याला दोन गोष्टी शिकता येतात : ते तथ्य, किंवा ‘असा प्रश्न आला की आत काही नसलं तरी ठाम उत्तर द्यायचं’ ही सवय. दुसरी गोष्ट प्रत्येक उदाहरणात आहे, म्हणून ती आधी शिकली जाते. गूगल आणि टेक्नियनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच तपासलं. मॉडेलला अनोळखी असलेली उदाहरणं ते सावकाश शिकतं, आणि ती शिकत गेलं की आधी येत असलेल्या गोष्टींतही बनावट उत्तरं वाढतात. १०,००० उदाहरणं केलीत तर हा रोग वाढेल.

गुरुजी_वाई
मी नववी-दहावीला शिकवतो. या चॅटवाल्या मॉडेलला मी रोज सुधारतो, ‘असं नाही, तसं लिही’ म्हणून. त्या दिवशी ऐकतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. म्हणजे फाइन-ट्यूनिंग टिकत नाही असंच ना?

टोकनमोजणी
गुरुजी, ते फाइन-ट्यूनिंग नव्हे. तुमचं बोलणं त्या संभाषणापुरतं समोर ठेवलेला कागद आहे. मॉडेलच्या आतले आकडे त्याने बदलत नाहीत, म्हणून पाटी कोरी. पण डाळिंबवाल्यांना हाच कागद कामाचा आहे : प्रश्न आला की त्यांच्या नोंदींतला नेमका उतारा शोधून समोर ठेवायचा आणि त्यावरून उत्तर द्यायला लावायचं.

सह्याद्री_कोडर
टोकनमोजणी जरा जास्तच घाबरवत आहेत. २०२३ मध्ये LIMA या संशोधनाने दाखवलं की निवडक १,००० उदाहरणांत ६५ अब्जांचं मॉडेल उत्तम वागायला लागतं. शिवाय इथे LoRA आहे. मूळ आकडे गोठलेले राहतात, म्हणजे जुनं ज्ञान विसरायचा प्रश्नच नाही. पाचाऐवजी दहा इपॉक चालवा, ट्रेनिंग लॉस, म्हणजे शिकवलेल्या उदाहरणांवरची चूक, खाली येऊ द्या.

टोकनमोजणी
LIMA बद्दल बरोबर, पण तो दाखला माझ्या बाजूचा आहे. हजारात काम भागलं, कारण ज्ञान आधीच आत होतं आणि फक्त ढब शिकवायची होती.

LoRA बद्दल अर्धं बरोबर. जोडलेला भाग काढला की मूळ मॉडेल जसंच्या तसं परत मिळतं, हे खरं. पण तो जोडलेला असताना उत्तर दोन्ही मिळून देतात, तेव्हा विसर पडतोच. पूर्ण फाइन-ट्यूनिंगपेक्षा कमी पडतो, आणि नवं शिकणंही कमी होतं. दहा इपॉक मात्र अजिबात नकोत. डाळिंबवाले, बाजूला ठेवलेल्या उदाहरणांवरचा लॉस कसा होता?

डाळिंबवाला
दुसऱ्या इपॉकपर्यंत उतरला, मग चढत गेला. ट्रेनिंगचा मात्र शेवटपर्यंत उतरत होता, म्हणून आम्ही थांबलो नाही.

टोकनमोजणी
तिथेच थांबायला हवं होतं. त्यापुढे मॉडेल तुमची उत्तरं पाठ करत होतं.

आता एक करा. फाइन-ट्यून न केलेलं मूळ मॉडेल घ्या. २०० प्रश्न अर्धवट वाक्यांच्या रूपात द्या, म्हणजे ‘डाळिंबावरचा तेल्या हा रोग ज्यामुळे होतो तो’ इथे थांबा, आणि प्रत्येक वाक्य दहादा पूर्ण करून घ्या. दहापैकी आठ-नऊदा बरोबर आलं तर ते त्याला माहीत आहे, ते उदाहरण ठेवा. एकदाही आलं नाही तर त्या प्रश्नाचं उत्तर बदला : ‘याची खात्रीची माहिती माझ्याकडे नाही, कृषी सहाय्यकांना विचारा’.

मेघना_पुणे
इथे माझा विरोध आहे. मी भाषांतराच्या मॉडेलवर काम करते. ‘माहिती नाही’ची उदाहरणं जास्त झाली की मॉडेल येत असलेल्या प्रश्नांनाही हात वर करतं, आणि शेतकरी दुसऱ्यांदा विचारत नाही. ठामपणा ही फाइन-ट्यूनिंगची किंमत आहे, ती सगळेच मोजतात. GPT-4 च्या अहवालातच आहे की मूळ मॉडेलचा आत्मविश्वास आणि अचूकपणा यांचा चांगला मेळ होता, नंतरच्या प्रशिक्षणाने तो बिघडला. तरी लोकांना वापरायला तेच बरं वाटलं. सूचना पाळायला शिकवलेल्या InstructGPT चं १.३ अब्जांचं मॉडेल लोकांनी १७५ अब्जांच्या GPT-3 पेक्षा पसंत केलं होतं.

माझं म्हणणं, यांनी प्री-ट्रेनिंगच पुढे चालवावं : शेतीची मराठी पुस्तकं, विद्यापीठांच्या पुस्तिका, सरळ मजकूर म्हणून. ज्ञान प्री-ट्रेनिंगमधून येतं असं तुम्हीच म्हणता.

टोकनमोजणी
तत्त्वतः मान्य. अडचण दोन ठिकाणी आहे. एकेक पुस्तिका एकदाच वाचून तथ्य रुजत नाही, तोच मजकूर अनेक तऱ्हांनी लिहावा लागतो. ‘तेल्या जिवाणूमुळे होतो’ एवढंच वाचलेलं मॉडेल ‘जिवाणूमुळे डाळिंबाला कोणता रोग होतो?’ या उलट्या प्रश्नाला अडतं. आणि नुसती शेती वाचायला दिली तर बाकीचं निसटतं, म्हणून जुन्यासारखा सामान्य मजकूर सोबत मिसळावा लागतो. InstructGPT मध्येही घसरण आवरायला प्री-ट्रेनिंगचा मजकूर मिसळला होता. लोकांची पसंती म्हणाल, तर फवारणीच्या प्रमाणात पसंती हा निकष मला चालत नाही.

मेघना_पुणे
मिसळायला मजकूर मिळतो, ती अडचण मोठी नाही. उलट्या प्रश्नांचा मुद्दा मान्य. पण उतारा शोधून देण्यातही चूक होते. शेतकरी ‘फळावर तेलकट डाग’ म्हणतो, नोंदीत ‘तेल्या’ असतं, आणि शोधाला भलताच उतारा सापडतो.

डाळिंबवाला
२०० प्रश्न तपासले. ५८ मूळ मॉडेलला पक्के येत होते, ९१ एकदाही नाही, बाकी अधेमधे. तेल्याचा प्रश्न अधल्यामधल्यांत निघाला : दहापैकी सहादा जिवाणू, चारदा बुरशी. म्हणजे गोंधळ आधीपासूनच होता. मूळ मॉडेल निदान डळमळत तरी होतं, आमच्यानंतर तेच दोन्ही उत्तरं तितक्याच ठामपणे द्यायला लागलं.

औषधांचे सगळे प्रश्न आता नोंदीतल्या उताऱ्यावर टाकतोय, मेघनाताईंच्या अडचणीसाठी गावाकडचे शब्द त्या उताऱ्यांना जोडून. मात्र त्या अधल्यामधल्या ५१ प्रश्नांचं काय करायचं? ठेवायचे की काढायचे?

टोकनमोजणी
मी ठेवीन, दोन इपॉकच्या पुढे न जाता.

मेघना_पुणे
मी काढीन. निदान औषधाचं नाव असलेले तरी.