पाच मण्यांचा फरक पाचाने भागायचा की चाराने?

दिंडोरीची बाग
थॉमसन द्राक्षांच्या प्लॉटमधून काल पाच मणी तोडून कॅलिपरने मोजले. १६, १७, १८, १९, २० मि.मी. सरासरी १८. प्रमाण विचलनासाठी शीटमध्ये पाचाने भागणारं `STDEV.P` घातलं तर १.४१ येतं, चाराने भागणारं `STDEV.S` घातलं तर १.५८. मणी पाच असताना चाराने का भागायचं? मला पाचच बरोबर वाटतं.

ओझरचा मास्तर
चारच बरोबर. सरासरीपासूनचे फरक बघा: −२, −१, ०, १, २. त्यांची बेरीज शून्य येणारच, म्हणून चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरतो. मोकळे चारच राहिले. मी वर्गात हेच सांगतो.

सातपूर क्वालिटी
मास्तर, पाचवा ठरतो हे खरं. पण पाचाने भागलं तर बिघडतं काय, ते यातून कळत नाही. मी कंपनीत रोज नमुने मोजतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याला हवा आहे तो पूर्ण प्लॉटच्या सरासरीभोवतीचा पसारा. ती सरासरी माहीत नाही, म्हणून याच पाच मण्यांची सरासरी वापरतो, आणि ती या पाचांच्या बरोबर मधोमध बसलेली असते. १८ पासूनच्या फरकांचे वर्ग ४, १, ०, १, ४. बेरीज १०. आता समजा प्लॉटची खरी सरासरी १७ आहे. मग वर्ग १, ०, १, ४, ९ आणि बेरीज १५. १८ सोडून कुठलाही आकडा धरा, बेरीज १० च्या वरच जाते. म्हणजे आपलीच सरासरी धरली की पसारा कमी दिसतो.

दिंडोरीची बाग
पण १७ तुम्ही धरलंत. खरी सरासरी १८ च असली तर?

सातपूर क्वालिटी
ती १८ आहे हे आधीच माहीत असतं, तर मीही पाचानेच भागलं असतं. माहीत नसतं, म्हणून सगळ्या शक्यता मोजून बघू.

प्लॉटमध्ये तीनच मापं समजा: १६, १८, २०, तिन्ही सारख्याच प्रमाणात. सरासरी १८, वर्गांची बेरीज ८, खरा व्हेरिअन्स, म्हणजे त्या वर्गांची सरासरी, ८/३. आता दोन-दोन मणी काढा. पहिल्याची तीन मापं, दुसऱ्याची तीन, म्हणून जोड्या नऊ होतात. तीन जोड्यांत दोन्ही मणी सारखे, तिथे वर्गांची बेरीज शून्य. चार जोड्यांत २ मि.मी.चा फरक, बेरीज प्रत्येकी २. दोन जोड्यांत १६ आणि २०, बेरीज प्रत्येकी ८. एकूण २४, नऊने भागलं की ८/३.

म्हणजे काढलेले मणी n असताना n−१ ने, इथे १ ने, भागलं तर सरासरीने बरोबर खरा व्हेरिअन्स मिळतो. दोनाने भागलं असतं तर निम्माच मिळाला असता.

नाशिकरोड कोडर
याच नऊ जोड्यांचं आता वर्गमूळ काढा. १ ने भागूनही प्रमाण विचलन सरासरीने १.२६ येतं, खरं १.६३ आहे. कमीच! शिवाय घंटेच्या आकाराची आकडेवारी असेल तर n ने भागलेल्या व्हेरिअन्समधल्या चुकांच्या वर्गांची सरासरी n−१ ने भागलेल्यापेक्षा कमी असते. उत्तर थोडं खाली झुकतं, पण कमी हेलकावतं. मला तेच चालतं.

सातपूर क्वालिटी
दोन्ही मुद्दे मान्य. n−१ व्हेरिअन्स सरळ करतो, वर्गमूळ नाही. पण मला पसारा कमी दिसणं परवडत नाही, लॉट परत येतो.

शाळेतली बाई
माझ्या वर्गात ४० मुलं आहेत, सगळ्यांचे गुण माझ्याकडे आहेत. मग ३९ ने भागायचं का?

ओझरचा मास्तर
नाही बाई. फक्त याच वर्गाबद्दल बोलायचं असेल तर सगळेच हातात आहेत, सरासरीही खरीच. ४० ने भागा.

पिंपळगावचे काका
दिंडोरीकर, चार-पाच राहू द्या. पाचही मणी एकाच घडाचे होते का?

दिंडोरीची बाग
हो काका, खांद्याजवळचे.

पिंपळगावचे काका
मग ती त्या खांद्याची मापं झाली, प्लॉटची नव्हे. शेंड्याचे मणी बारीक राहतात, सावलीतल्या वेलीचे आणखी बारीक. एका घडातले मणी एकमेकांसारखे असतात.

सातपूर क्वालिटी
काकांनी नेमकं बोट ठेवलं. n−१ चा हिशोब प्रत्येक मणी वेगवेगळा, चिठ्ठी काढल्यासारखा उचलला असेल तरच चालतो. एका घडातला पसारा प्लॉटपेक्षा कमी येतो आणि भाजक बदलून ते भरून निघत नाही. १.५८ म्हणजे मणी सरासरीपासून साधारण तेवढे लांब. तुमच्या पाचांतले तीन १६.४ ते १९.६ मध्ये आहेत. पण त्यावरून क्रेट भरू नका.

दिंडोरीची बाग
उद्या तीस वेलींवरून एकेक मणी घेतो, वरचे-खालचे, उन्हातले-सावलीतले.

नाशिकरोड कोडर
तीस घेतले की `STDEV.S` १.५८ आलं तर `STDEV.P` १.५५ येईल. तुमच्या कॅलिपरला तो फरक दिसतो का, ते आधी बघा.