मदत हवी आहे: मारहाणीची एन.सी. झाली, एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं, आता एफआयआर कसा होईल?

चाफेकळी: सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं. शेजाऱ्याने हेल्मेटने मारलं, माझ्या भावाच्या हाताला लागलं. रात्री ठाण्यात भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएसच्या 115(2) आणि 352 खाली एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि 'कोर्टात जा' म्हणाले. दोन दिवसांनी एक्स-रेत करंगळीचं हाड मोडलेलं दिसलं. आता नवी तक्रार द्यायची का?

रानवारा: माझीही मोबाइल हरवल्याची एन.सी. होती, काहीही झालं नाही. सोडून द्या.

मध्यमवर्गी: एफआयआरआधी 14 दिवस प्राथमिक चौकशी करायचा अधिकार पोलिसांना आहे, त्यामुळे थांबावं लागेल.

जुनीशाई: रानवारा, हरवलेल्या वस्तूची नोंद आणि मारहाणीची एन.सी. या वेगळ्या गोष्टी आहेत.

14 दिवसांचं अर्धंच खरं. बीएनएसएस, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, 173(3) मधली ती चौकशी तीन वर्षे किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने. हाड मोडलं की दुखापत गंभीर ठरते, बीएनएसचं कलम 117(2) लागतं. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ही सवलत इथे चालत नाही.

चाफेकळी, रात्री एन.सी. झाली ती साध्या मारहाणीचं चित्र पाहून. 115(2) अदखलपात्र आहे, त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. 117(2) मात्र दखलपात्र. आणि एकही गुन्हा दखलपात्र असला की बीएनएसएस 174(4) प्रमाणे पूर्ण प्रकरण दखलपात्र धरतात, अपमानाचं 352 सुद्धा.

एन.सी. नंबर घालून लेखी अर्ज द्या, सोबत एक्स-रे रिपोर्ट. ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र, घेऊन सरकारी दवाखान्यातून जखमेचा दाखला मिळवा. नुसती खासगी चिठ्ठी पुढे आडवी येते. फ्रॅक्चर उशिरा का कळलं हे जबाबात लिहा, बचाव पक्ष पहिल्यांदा तेच धरतो. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. नोंदवत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवा (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना). तिथेही हललं नाही तर बीएनएसएस 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे, शपथपत्रासह. मधली पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडतो.

चाफेकळी: गुन्हा नोंदला की लगेच अटक होईल?

जुनीशाई: बहुधा नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का हवी हे पोलिसांना लिहून दाखवावं लागतं. सहसा बीएनएसएस कलम 35(3) ची हजर राहायची नोटीस देतात. शिवाय 117(2) जामीनपात्र आहे. साक्षीदार शेजारी 60 च्या वरचे असतील तर त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा.

त्याआधी सीसीटीव्ही. डीव्हीआर जुनं पुसत जातो आणि एन.सी. असेतो कोणी जप्त करायला येणार नाही. त्या तासाचं फुटेज जपून ठेवा असं सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच लेखी द्या.

मध्यमवर्गी: हेल्मेट घातक साधन नाही का? मग घातक साधनाने गंभीर दुखापतीचं 118(2) लागेल.

जुनीशाई: ते कसं, किती जोराने, कुठे मारलं यावर. हात मध्ये आला की डोक्याचा नेम होता, हे फुटेज पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.