प्रतिसाद: सरांना पत्रात काय लिहावं?

«‘स्थानिक शासनातील लोकसहभाग यावर लघुप्रबंध करायचा आहे, मार्गदर्शन करावे’ एवढं सरांना लिहिलं तर चालेल का?»

एवढ्यावर सर काय सांगणार? लोकसहभाग हे क्षेत्र झालं, प्रश्न नव्हे. त्याऐवजी असं लिहा: ‘सभेत नागरिकांनी मांडलेल्या मागण्यांपैकी किती पुढच्या अंदाजपत्रकात उतरल्या, हे एका संस्थेच्या तीन वर्षांच्या इतिवृत्तांवरून तपासायचं आहे.’

पण पत्राआधी एका वर्षाचं इतिवृत्त स्वतः वाचाच. पुष्कळदा त्यात फक्त मंजूर ठराव असतात. कोण काय बोललं, कोणती मागणी मागे पडली, याचा मागमूस नसतो. तसं असेल तर तेच सरांना विचारा: ‘नोंदीच नसलेल्या मागण्या मुलाखतींतून शोधू, की प्रश्न ठरावांच्या अंमलबजावणीपुरता ठेवू?’