आंगणेवाडी 'गाव' की 'वाडी'? नावांच्या शेपट्यांबद्दल

पोफळीचं बन
मालवण तालुक्यातल्या देवळांची एक छोटी पुस्तिका करतेय. त्यात लिहिलं होतं, 'आंगणेवाडी हे गाव भराडीदेवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे.' मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी लाल शाईने 'गाव' खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'गाव मसुरे. ही वाडी.' जत्रेला लाखोंनी माणसं येतात, एसटीच्या पाटीवर आंगणेवाडी असतं, मंत्र्यांच्या दौऱ्यात आंगणेवाडी असतं, मग ते गाव का नाही? बरं, 'गाव' काढून लिहू काय? 'वस्ती' लिहिलं तर कसंतरीच वाटतं, 'ठिकाण' म्हटलं की सहलीचं वाटतं. प्रस्तावनेत मी 'वाडी लहान, गाव मोठं, पूर म्हणजे शहर आणि नगर त्याहून मोठं' असंही एक वाक्य ठोकून दिलंय. तेही जरा बघा.

घाटावरची सून
काकांचं काहीतरीच. वाडी म्हणजे गावच की! माझं माहेर साताऱ्याकडचं, गावाच्या नावातच वाडी. आमची ग्रामपंचायत वेगळी, तलाठी वेगळा, यात्रा वेगळी. लग्न होऊन लांज्यात आले तेव्हा एका चुलत सासऱ्यांनी विचारलं, "तुमचा गाव कुठला?" मी नाव सांगितलं. तर म्हणाले, "ती वाडी झाली. गाव कुठला?" दोन-तीनदा तेच. शेवटी तालुक्याचं नाव सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

जुनं दफ्तर
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. देशावर घरं गावठाणात एकमेकांना चिकटून असतात आणि शेतं भोवती. शेत लांब पडायला लागलं की चार कुळं तिकडेच राहायला जायची आणि त्यांची वाडी व्हायची. ती मूळ गावापासून अंतरावर असल्यामुळे पुढे महसुली गाव म्हणून सुटी झाली. सूनबाईंची वाडी बहुधा त्यातली.

कोकणात चित्र उलटं. इथे मुळात गावठाणच विरळ. भाताची खाचरं खाली, घरं वरच्या उतारावर, प्रत्येकाच्या दाराशी आपली बाग. त्यामुळे गाव म्हणजे एक ठिकाण नव्हे, पाच-दहा वाड्यांची मिळून हद्द. मसुरे हे त्या हद्दीचं नाव आहे. कोकणातल्या सातबाऱ्यावर वर 'गाव' असं छापलेलं असतं, तिथे वाडीचं नाव शोधून सापडायचं नाही. वाडी असते मतदारयादीत, रेशनकार्डावर आणि लोकांच्या तोंडात.

बांधावरचो
दफ्तरकाका म्हणतत तां खरां. पण आमच्याकडे त्याहून सोपी परीक्षा आसा. ग्रामदेवता कोणाची, ता बघा. भराडीदेवी आंगण्यांची, देऊळ आंगणे कुटुंबाचा. सगळ्यांका दर्शनाक मोकळा, पण मान त्यांचो. मसुऱ्याची ग्रामदेवता ती न्हय. म्हणून वाडी.

खाडीपलीकडे
आमच्या रत्नागिरीकडे शिमग्याची पालखी बघतात. ग्रामदेवतेची पालखी ज्या हद्दीत घरोघर फिरते तेवढा गाव. तुमच्या वाडीची स्वतःची पालखी आणि ती बसवायची स्वतःची सहाण असेल तर तुम्ही कागदावर काहीही असा, तो गाव. आमच्या शेजारच्या एका वाडीने भांडून वेगळी पालखी केली. ग्रामपंचायत अजून एकच आहे, पण शिमग्यात कोणी 'आपण एकाच गावचे' म्हणून बघावं!

शब्दकामाठी
मुळाकडे चला. वाडी हा शब्द 'वाटिका'पासून आला, म्हणजे बाग. म्हणून कोकणात नारळ-पोफळीच्या बागेलाही वाडी म्हणतात. म्हणजे मुळात प्रत्येक वाडी ही बाग होती, माणसं नंतर आली. पूर म्हणजे तटबंदीचं शहर. आणि कणकवली, डोंबिवली, कांदिवली यांतली 'वली' म्हणजे 'वल्ली', वेल. कोकणची हिरवाई नावातच आहे.

जुनं दफ्तर
वाटिका ठीक. पण तिच्या मागे 'वाट' आहे, आणि या 'वाट'चा अर्थ कुंपण, कुंपण घातलेली जागा. वाडा त्यातूनच आला. गडग्याच्या आत पोफळी असोत की माणसं, दोन्ही वाडीच. त्यामुळे आधी बाग आणि मग माणसं असं प्रत्येक ठिकाणी म्हणता येणार नाही.

'वल्ली' मात्र सोडून द्या. ती 'पल्ली' आहे, म्हणजे वस्ती. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली, कर्नाटकात तीच 'हळ्ळी' झाली. दोन स्वरांमधला 'प' मराठीत येईपर्यंत 'व' होतो, दीपचा दिवा झाला तसा. आणि इथेच वय ओळखायची एक खूण मिळते. पल्लीची वली झाली, ग्रामचं गाव झालं, शूर्पारकाचं सोपारे झालं, चेमूलचं चौल झालं. ही नावं लोकांच्या तोंडात शतकानुशतकं घासली गेली. राजापूर बघा, त्यातल्या 'पुर'चा 'प' जसाच्या तसा आहे. म्हणजे हे नाव एक तर मागाहून पडलं किंवा दरबारी कागदांनी ते झिजू दिलं नाही. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार तिथे होती, 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली, तेव्हाही नाव असंच. मात्र नाव नवं म्हणजे वस्ती नवी असं समजू नका. जुन्या बंदराला नवं नाव सहज मिळतं.

अर्जुनेकाठी
राजापूरचं मी सांगतो. जवाहर चौकात दर पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी भरतं. राजाला पुरून उरणारा पूर, म्हणून राजापूर. व्युत्पत्ती फुकट.

खाडीपलीकडे
मग 2021 च्या जुलैनंतर चिपळूणचं नाव काय ठेवायचं?

पोफळीचं बन
हसले, पण माझं वाक्य अडकलंय. 'वाडी लहान, गाव मोठं' हे ठेवू की काढू?

बांधावरचो
काढा. सावंतवाडीचा काय करशात? आमच्याकडे कोणाक विचारल्यात "खंय चललंस?" तर म्हणतलो "वाडीक." बाकी सगळ्या वाड्यांका नाव लागता, हिका नुसती वाडी. संस्थानाची राजधानी होती ती!

जुनं दफ्तर
उत्तम उदाहरण. ती वस्ती चराठे गावाच्या हद्दीत वसली. आधी सुंदरवाडी म्हणत, मग सावंतांची म्हणून सावंतवाडी. चराठे आजही शेजारी आहे. राजवाडा आला, मोती तलाव आला, बाजार आला, पण शेपटी वाडीचीच राहिली. त्यांना कोणी आडकाठी केली नसती, सावंतपूर म्हणवता आलं असतं. म्हणून शेपटीवरून आकार ठरवू नका. वस्ती सुरू कशी झाली एवढंच ती सांगते, पुढे तिचं काय झालं ते नाही.

मी तर म्हणेन शेपटीआधी डोकं बघा. आंगणेवाडी, सावंतवाडी, परबवाडी, राणेवाडी: डोक्यावर आडनाव. म्हणजे आधी कुळ आलं, मग जागेला नाव पडलं. मालवणकर, राजापूरकर यांत बाण उलटा: आधी गाव, मग आडनाव. वरचीवाडी, खालचीवाडी, मधलीवाडी असेल तर समजावं की हे नाव आतल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी दिलंय, कारण बाहेरच्याला कशाच्या वर आणि कशाच्या खाली ते कळणारच नाही. आणि डोक्यावर सुतार, तेली, गुरव असेल तर गावाने कोणाला कुठे बसवलं ते दिसतं.

कातळसडा
'कुठे बसवलं' हे फार सौम्यपणे लिहिलंत. आमची वाडी गावाच्या टोकाला, सड्याच्या कडेला. पाणी सगळ्यात शेवटी. आजोबांच्या कागदांवर वाडीचं नाव जातीचं होतं, 1956 नंतर बौद्धवाडी झालं. 2020 च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. इथे नगर म्हणजे मोठं शहर नाही. इथे नगर म्हणजे 'आता आम्हाला त्या नावाने हाक मारू नका.' पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहायचं तर हे लिहा.

शब्दकामाठी
भावना समजते. पण इतिहास पुसला जातो ना. पन्नास वर्षांनी संशोधकाला काय कळणार, कुठे कोण राहत होतं? शिवाय रत्नागिरीत शिवाजीनगर, प्रत्येक शहरात शिवाजीनगर. नावातून काहीच हाती लागत नाही.

कातळसडा
संशोधकाच्या सोयीसाठी माझ्या मुलीने पत्त्यात जात लिहायची का? जुनी नावं दफ्तरात आहेत, तिथे वाचा. आणि हाती काही लागत नाही कसं? एखाद्या गावात चार वाड्या जुन्या नावाच्या आणि टोकाला एकच नगर दिसलं, की तुम्हाला सगळं कळलं.

घाटावरची सून
हे पटलं. आमच्याकडेही नगर म्हटलं की एक तर प्लॉट पाडलेली कॉलनी नाहीतर हे.

शब्दकामाठी
बरं, नावं बदलायचीच तर आधी बुद्रुक आणि खुर्द बदला. फारसी शेपट्या आपल्या गावांना कशाला? थोरलं आणि धाकटं म्हणा.

खाडीपलीकडे
आंबेड बुद्रुकच्या माणसाला 'थोरल्या आंबेडचे का?' विचारून बघा. तो म्हणेल, ते कुठे आलं? तीनशे वर्षं बोलल्यावर शब्द परका राहतो होय? 'कागद' पण काढून टाका मग, आणि 'दफ्तर'सुद्धा, म्हणजे काकांना नवं नाव शोधावं लागेल.

जुनं दफ्तर
मला ओढू नका यात. फक्त एवढंच, की बुद्रुक-खुर्दची जोडी दिसली तर गाव कधीतरी दोन हिश्श्यांत मोजला गेला आणि त्याची नोंद फारसी शब्द वापरणाऱ्या कारकुनाने केली, हे नक्की समजतं. धाकटं-थोरलं केलंत तर हा दुसरा अर्धा भाग जाईल. पण बुद्रुक आज मोठंच असेल असं नाही हं. कित्येक ठिकाणी रस्ता खुर्दवरून गेला आणि बाजार तिकडे सरकला.

पोफळीचं बन
मुद्रितवाल्या काकांना फोन केला. म्हणाले, 'मसुऱ्यातील आंगणेवाडी' असं लिही, वस्ती नको, गाव नको, ठिकाण नको. वाक्यच असं कर की शब्द लागणार नाही.

बांधावरचो
मसुऱ्यातली माणसां खूश. आंगण्यांका विचारलंत?

माखजनचा
उशिरा आलो. सगळे वाडी वाडी करताय, पण आमच्या संगमेश्वराकडे आणि तिकडे महाड-पोलादपूरकडे कुणब्यांच्या वस्तीला 'कोंड' म्हणतात. कोंड ही वाडीपेक्षा वेगळी चीज आहे. घरं जवळजवळ, बहुतेक एकाच भावकीची, आणि मूळ गावापासून लांब, डोंगराच्या कुशीत. त्याचं काय?

शब्दकामाठी
'कुंड'पासून. जिथे पाण्याचं कुंड तिथे वस्ती.

माखजनचा
आमच्या कोंडावर एप्रिलमध्ये टँकर येतो.

खाडीपलीकडे
कोंडलेली जागा म्हणून कोंड, एवढं साधं नसेल का? तीन बाजूंनी डोंगर, एक बाजू मोकळी. आणि कोंडावर बोलणार असाल तर गुहागरकडची पाखाडीही घ्या. पाखाडी म्हणजे चढणीची दगडी वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांची घरं मिळूनही पाखाडीच. आमच्या आत्याच्या पत्त्यात गाव आहे, पाखाडी आहे, वाडी नाहीच. तिला वाडी विचारली की ती सुपाऱ्या मोजायला लागते.