नळ गार पाण्याचा, पाणी चहाचं: तुमचे उन्हाळी अनुभव

वऱ्हाडची लेक: आज दुपारी बेसिनचा नळ सोडला आणि हात चटकन मागे घेतला. एकदम आजी आठवली. अकोल्याच्या घरी मे महिन्यात ती पहाटे पाचलाच घंगाळ भरून न्हाणीत झाकून ठेवायची. दुपारी कोणी नळाखाली पाय धरले की आतून ओरडायची, "घंगाळातलं घे वं!" तुमच्याकडे काय करतात?

गप्पिष्ट: आमच्याकडे जेट स्प्रे आहे. याहून जास्त लिहीत नाही.

मावशी६२: 😂 भोगा

खानदेशी: काळी टाकी, दुसरं काय! पांढरा रंग मारा, विषय संपला.

पान्हा-पक्कड: रंगाने टाकी कमी तापेल, पाइपाचं काय? गच्चीच्या कठड्याला एक इंची पाइप तीसेक फूट उघडा असला तर त्यात पाचेक लिटर पाणी उभं असतं. तेवढं तापायला कितीसा वेळ? बादली लावून बघा. पाव-अर्ध्या बादलीनंतर निवलं तर पाइपाचं दुखणं, बादली भरली तरी कढतच तर टाकीचं. पाइपाला फोमची नळी चढवा, पण वरून टेप गुंडाळा, नाहीतर उन्हाने फोमचा भुगा होतो.

सुमेधा_ठाणे: सोलर कुठलं घेतलंत? आमच्याकडे पावसाळ्यात पाणी कोमटच येतं.

वऱ्हाडची लेक: सोलर नाही हो ताई, साधा नळ. दादा, लावली बादली. भरली तरी तस्संच.

पान्हा-पक्कड: टाकीत पाणी किती?

वऱ्हाडची लेक: वीतभर. काल नळच आले नाहीत.

पान्हा-पक्कड: मग बरोबर. वीतभर पाणी भरल्या टाकीपेक्षा फार लवकर तापतं. जमेल तेव्हा टाकी काठोकाठ भरून घ्या.

दुबईकर: आमच्याकडे मे ते सप्टेंबर गीझर बंद. तो घरात, एसीच्या गारव्यात, म्हणून त्यातलं पाणी निवतं. गरम पाण्याचा नळ सोडला की गार, गारचा सोडला की चटका. पाहुणे हमखास फसतात. पन्नास लिटरमध्ये दोघांची आंघोळ होते, तिसऱ्याला टाकीचं तापलेलंच. त्यावरून भांडणं!

खानदेशी: मी तर पांढरी टाकीच आणली होती. स्वस्तातली, पातळ. आतून हिरवीगार झाली.

मावशी६२: उजेड आत जात असणार, शेवाळ धरतं. काळीलाच बाहेरून चुना लाव. आणि बाळाला नळाखाली धुऊ नका गं दुपारी, नातवाची पाठ लाल झाली होती आमच्या.

गप्पिष्ट: मावशी, चुना पहिल्या वळवाला जातो.

मावशी६२: मग पुन्हा लाव, काय दिवे लावतोस नाहीतरी दिवसभर

सुमेधा_ठाणे: अच्छा, साधा नळ होय! वाचलंच नाही नीट. घंगाळ आहे का गं अजून?

वऱ्हाडची लेक: भावाने त्यात मोगरा लावलाय. शेजारचे काका म्हणतात टाकीवर ओली पोती टाक. ती ओली ठेवायला पाणी कुठलं आणू?